रेझ्युमे नऊदा वाचला, तरी चूक राहिली

ताई, मी ३१ वर्षांची, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. ही तिसरी नोकरी. आता बदलायची म्हणून नोकरीच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला आणि तिथून रेझ्युमे नव्याने उतरवून घेतला. नऊ-दहा वेळा वाचला, नवऱ्याला वाचायला दिला, स्पेलचेकमध्ये एकही लाल रेघ नाही. तरी परवाच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "फेब्रुवारी-मार्च २०१८ मध्ये तुम्ही एकदम दोन कंपन्यांत कशा होतात?" मला उत्तरच सुचलं नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं का? पैसे देऊन कोणा तज्ज्ञाकडून तपासून घेऊ? की पाठवण्याआधी शेवटी काय काय बघायचं याची यादी तुम्हीच द्याल? रेझ्युमे आणि नोकरी-शिक्षणाची कागदपत्रं नावं खोडून सोबत जोडली आहेत.
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड (नोव्हेंबर २०२५)

तुझी दोन पानं छापून घेतली आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. आधी एक सांगते, तुझं इंग्रजी कच्चं नाही. मला ज्या चुका सापडल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त चुकांचा इंग्रजीशी काही संबंधच नाही. हाच रेझ्युमे मराठीत लिहिला असतास तरी त्या तिथेच राहिल्या असत्या.

तू क्वालिटीत आहेस म्हणून तुझ्याच भाषेत विचारते. एखादा पार्ट इन्स्पेक्शनला आला की तू तो हातात धरून नऊदा बघतेस का? नाही ना. ड्रॉइंग समोर ठेवतेस आणि एक एक माप घेतेस, व्यास घेताना फक्त व्यास. रेझ्युमेच्या बाबतीत मात्र तू ड्रॉइंग न घेता पार्ट पास केलास. आपण स्वतः लिहिलेलं वाचताना डोळा कागदावरचं कमी आणि मनातलं जास्त वाचतो, म्हणून दहावं वाचनही पहिल्यासारखंच होतं. नवऱ्याचंही तेच. तू २०१८ मध्ये कधी नोकरी बदललीस ते त्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्याला चूक दिसणार कशी?

तर शेवटची तपासणी एका वेळी एकाच गोष्टीची करायची. क्रमही महत्त्वाचा: आधी तपशिलातले विरोध, मग तारखांची पद्धत, मग क्रियापदांचा काळ, मग स्पेलिंग आणि सर्वांत शेवटी मांडणी. मांडणी शेवटी अशासाठी, की आधीच्या प्रत्येक दुरुस्तीने ओळी सरकतात. बहुतेक जण उलट करतात. आधी फॉण्ट आणि रंगात तास घालवतात आणि तारखांकडे बघायच्या वेळेला कंटाळलेले असतात.

ड्रॉइंग म्हणजे तुझी फाइल. तिन्ही कंपन्यांची नेमणूकपत्रं, दोन रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र काढ. त्याशिवाय ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएन घालून `View` मध्ये `Service History` उघड. तिथे प्रत्येक कंपनीत तू पीएफला कधी लागलीस आणि कधी बाहेर पडलीस ते दिसतं. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा बऱ्याचदा हाच तक्ता मागते, म्हणून तो तिच्याआधी तू बघितलेला बरा. त्याला एक मर्यादा आहे. अप्रेंटिस कायद्याखाली काढलेल्या काळात पीएफ कापला जात नाही, त्यामुळे तो काळ तिथे दिसणार नाही. पोर्टल आणि पत्र जुळलं नाही, तर रेझ्युमेवर पत्रातली तारीख लिहायची आणि फरकाचं कारण आपल्याला माहीत असू द्यायचं.

आता तुझ्या त्या दोन कंपन्यांकडे येऊ. रेझ्युमेवर तुझ्या नोकऱ्या अशा आहेत:

```
06/2016 - 03/2018
Feb 2018 – July'21
16-08-2021 to till date
```

तीन ओळी आणि तीन पद्धती. त्यातली पहिली ओळ तुला नडली. तू जोडलेल्या रिलीव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस `03/02/2018` असा छापलाय, म्हणजे ३ फेब्रुवारी. दुसऱ्या कंपनीत तू १२ फेब्रुवारीला रुजू झालीस. मधे आठ दिवस आहेत, कुठेही काही चढलेलं नाही. पण पत्रात तू लिहिलंयस की हा रेझ्युमे नोकरीच्या संकेतस्थळावर फॉर्म भरून तिथून उतरवून घेतलेला आहे. माझा अंदाज आहे की त्या फॉर्मने तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचली आणि ३ फेब्रुवारीचा २ मार्च झाला. ही चूक कुणाला ओरडून सांगत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या असू शकतात. महिन्याची तारीख १३ किंवा पुढची असती तर फॉर्म अडला असता. १ ते १२ च्या आत असली की तो निमूट गिळतो. तेव्हा आकड्यांतल्या तारखा असलेल्या प्रत्येक पत्रात दिवस १२ च्या आत आहे का, ते आधी बघ. असेल तर ती जागा संशयाची.

उपाय सोपा आहे. रेझ्युमेवर महिना अक्षरांत लिही, वर्ष पूर्ण चार आकडी आणि दिवस कुठेच नको:

```
Jun 2016 – Feb 2018
Feb 2018 – Jul 2021
Aug 2021 – Present
```

`Feb 2018` दोनदा आल्याचं दचकू नकोस. एकाच महिन्यात सोडणं आणि रुजू होणं कुणालाही कळतं. महिन्याचं नाव तीन अक्षरी घेतलं की सगळीकडे तीन अक्षरी. `July'21` मधला तो स्वल्पविरामासारखा फराटा काढून टाक. `to till date` मध्ये तर `to` आणि `till` दोन्ही एकच काम करतात. मधली रेघही एकच ठेव. तुझ्या पानावर कुठे आखूड आहे, कुठे लांब आणि एका ठिकाणी `to`.

तारखा सरळ झाल्या की त्यांची बेरीज करायची, ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. तुझ्या पत्रांवरून मी केली. १३ जून २०१६ ते ३ फेब्रुवारी २०१८ म्हणजे १ वर्ष ७ महिने आणि वर तीन आठवडे. १२ फेब्रुवारी २०१८ ते ३० जुलै २०२१ म्हणजे ३ वर्षं साडेपाच महिने. १६ ऑगस्ट २०२१ ते ऑक्टोबर २०२५ अखेर ४ वर्षं अडीच महिने. सगळं मिळून ९ वर्षं आणि साधारण पावणेचार महिने. आणि तुझ्या पानावर काय आहे? वरच्या सारांशात `8+ years`, आणि दुसऱ्या पानावर तळाला `nearly 10 years`. पहिला आकडा मागच्या वेळचा राहून गेलेला दिसतो, दुसरा बहुधा उत्साहात आलाय. दोन्ही ठिकाणी `9+ years` कर. अनुभवाचा आकडा एकाच जागी ठेवलास तर आणखी चांगलं, पुढच्या वर्षी बदलायला एकच जागा राहील.

शिक्षणाच्या ओळीतही असाच एक विरोध आहे. तू बीईचं साल `2017` लिहिलंयस आणि पहिली नोकरी जून २०१६ पासून. वाचणारा विचारणार की पदवीच्या आधी इंजिनिअर म्हणून कशी लागलीस. गुणपत्रिकेवर परीक्षा २०१६ च्या उन्हाळ्यातली आहे. पदवीदान समारंभ पुढच्या वर्षी झाला आणि प्रमाणपत्रावरची ती तारीख तू उचललीस. उत्तीर्ण झाल्याचं साल म्हणजे परीक्षेचं साल, म्हणून `2016` लिही. विद्यापीठाचं नाव एका जागी `Pune University` आणि दुसऱ्या जागी `SPPU` आहे. २०१४ मध्ये नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं आणि तुझ्या प्रमाणपत्रावर तेच आहे, तेव्हा तेच पूर्ण लिही. ज्यांच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव आहे त्यांनी जुनं लिहावं, हवं तर पुढे कंसात नवं. जळगावकडच्या, २०१८ च्या आधी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींनाही हेच लागू.

आता दोन अशा जागा, ज्या तुझ्याच क्षेत्रातला माणूस दहा सेकंदात पकडेल. सारांशात तू लिहिलंस की रिजेक्शन ७० टक्क्यांनी कमी केलं. खाली दुसऱ्या नोकरीत तीच कामगिरी १२०० पीपीएमवरून, म्हणजे दहा लाखांमागे १२०० खराब नगांवरून, ४५० वर अशी आहे. १२०० मधून ७५० गेले म्हणजे साडेबासष्ट टक्के. तुझा मुलाखतकार हा हिशेब मनातल्या मनात करतो, त्याचं रोजचं काम आहे ते. मग त्याला उरलेल्या आकड्यांवरही शंका येते. टक्केवारी काढून मूळ दोन आकडेच ठेव, ते जास्त वजनदार आहेत.

दुसरी जागा: सध्याच्या, म्हणजे २०२१ पासूनच्या नोकरीखाली `TS 16949` या गुणवत्ता मानकाचं ऑडिट केल्याचा उल्लेख आहे. अगं, त्याच्या जागी २०१६ मध्ये `IATF 16949` आलं आणि सप्टेंबर २०१८ नंतर जुन्या मानकाची प्रमाणपत्रं चालेनाशी झाली. तू केलेलं ऑडिट नव्याचंच असणार, फक्त ओळ जुन्या रेझ्युमेतून कॉपी होऊन आली. पहिल्या नोकरीखाली मात्र `TS 16949` राहू दे, तिथे ते खरं आहे. सगळीकडे शोधून एका फटक्यात बदललंस तर नवी चूक तयार होईल. म्हणून अशा शब्दांसाठी `Ctrl+F` ने एक एक जागा गाठायची, शेजारची तारीख बघायची आणि मग ठरवायचं.

इथवर आलीस की मोठं काम संपलं. पैसे देऊन तपासून घेण्याबद्दल विचारलंस, त्याचंही उत्तर यातच आहे. बाहेरचा माणूस तुझी वाक्यं घासूनपुसून देईल, पण ३ फेब्रुवारी की २ मार्च हे त्याला कसं कळणार? उलट तो ७० टक्क्यांची ओळ आणखी ठळक करून देईल. ज्यांना इंग्रजी वाक्यरचना खरंच जड जाते त्यांनी भाषेपुरती मदत जरूर घ्यावी, पण कागदपत्रांशी मेळ घालून झाल्यावर.

आता काळ. नियम लहान आहे: सोडलेल्या नोकरीखाली सगळी क्रियापदं भूतकाळात. सध्याच्या नोकरीखाली रोज चालू असलेलं काम वर्तमानात आणि तिथलंच पण पूर्ण झालेलं काम भूतकाळात. गोंधळ होतो तो नोकरी बदलल्यावर. तेव्हा सध्याची असलेली नोकरी आता मागची झाली, पण तिच्याखालच्या ओळी तशाच वर्तमानात राहिल्या. तुझ्या दुसऱ्या नोकरीचं नेमकं हेच झालंय. तपासायची पद्धत अशी: पान छाप आणि प्रत्येक मुद्द्याच्या फक्त पहिल्या शब्दाखाली रेघ ओढ. बाकी ओळ वाचूच नकोस. तुझ्या दुसऱ्या नोकरीखाली पहिले शब्द असे उभे राहतात:

```
Handling
Prepared
Conduct
Lead
Responsible for
```

पाच मुद्द्यांचे चार वेगळे सूर. नोकरी २०२१ मध्ये संपली, म्हणजे `Handled`, `Prepared`, `Conducted`, `Led`. `Responsible for` मध्ये तर क्रियापदच नाही. तिथे तू पुरवठादारांचं ऑडिट करत होतीस, तर सरळ `Audited` लिही. `Handling` सारखी रूपं आपल्याकडे फार दिसतात, कारण मनात "हाताळत आहे" चालू असतं. चालू नोकरीतही `Handle` पुरतं. आणि `Handles` नको. कंपनीच्या कामाच्या वर्णनातून ओळ उचलली की तो शेवटचा एस चिकटून येतो आणि वाचताना दुसरंच कोणी तुझ्याबद्दल बोलतंय असं वाटतं. मुद्द्याच्या पोटातही एकदा नजर टाक. `Handling customer complaints and prepared 8D reports` ही तुझी ओळ सुरू एका काळात होते आणि संपते दुसऱ्या.

स्पेलिंगकडे वळू. लाल रेघ नाही म्हणून तू निश्चिंत होतीस, पण तुझ्या पानावर मधोमध ठळक अक्षरांत `EDUCATIONAL QUALIFICTION` असं शीर्षक आहे. सापडली? एक `A` गळलाय. वर्डने दाखवलं नाही, कारण सगळी मोठी अक्षरं असलेले शब्द न तपासण्याची सोय त्यात मुळातच चालू असते. आकडा असलेल्या शब्दांचंही तेच. `File`, मग `Options`, मग `Proofing` मध्ये जा आणि `Ignore words in UPPERCASE` समोरची खूण काढ. त्यानंतर तुझ्या सगळ्या संक्षेपांखाली लाल रेघा येतील, येऊ देत. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

दुसरा प्रकार असा, की शब्द चुकीचा पण अस्तित्वात असलेला. `Lead` आणि `Led` आपण बघितलंच. तुझ्याकडे `Quality Manger` आहे. `manger` म्हणजे गुरांची गव्हाण, आणि शब्दकोशात तो शब्द असल्याने रेघ आली नाही. हसू नकोस, मी स्वतः भरती विभागात असताना माझ्याच रेझ्युमेवर दोन वर्षं गव्हाण घेऊन फिरत होते. `form` आणि `from`, `role` आणि `roll` ही जोडगोळीही `Ctrl+F` ने एकदा शोधून घे. राहिलेल्यासाठी शेवटच्या मुद्द्यापासून वर वर वाचत ये. अर्थाचा ओघ तुटला की डोळा शब्दावर थांबतो. `organised` आणि `analyzed` एकाच पानावर आहेत. ब्रिटिश किंवा अमेरिकी, कोणतंही एक चालेल.

मांडणीत तुझी एकच खरी अडचण आहे: उजव्या बाजूच्या तारखा. त्या तू स्पेसबार दाबत दाबत ढकलल्या आहेत. `Ctrl+Shift+8` दाब, प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका दिसेल. दोन्हीकडे सारखे ठिपके घातले तरी तारखा एका रेषेत येत नाहीत, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. शिवाय दुसऱ्या संगणकावर तुझा फॉण्ट नसला तर सगळंच विसकटतं. त्याऐवजी उजवा टॅब लाव. ए४ पान २१ सेंटीमीटर रुंद, दोन्हीकडचा समास २.५४, म्हणजे मजकुराला १५.९२ सेंटीमीटर उरतात. तारखांच्या ओळी निवड, परिच्छेदाच्या खिडकीत खाली `Tabs` आहे, तिथे `15.92 cm` टाक, `Right` निवड, `Set` कर. मग ते सगळे ठिपके पुसून त्यांच्या जागी एकदाच टॅब दाब. सगळ्या तारखा उजव्या कडेला शिवून बसतील. समास वेगळा असेल तर वजाबाकी स्वतः कर. ठिपके दिसताहेत तोवर मुद्द्यांच्या गोळ्या एकाच अंतरावर आहेत का तेही बघून टाक, दुसऱ्या पानावर दोन गोळ्या आत सरकल्या आहेत.

मग पीडीएफ कर आणि तपासणी त्या पीडीएफवर, फोनवर उघडून कर. वर्डच्या फाइलवर नको. पाठवायची आहे ती वस्तू तपासायची. फाइलचं नाव `Resume_final_final2` आहे, तेही बदल, नाव आणि आडनाव पुरे. लिंक्डइन आणि त्या संकेतस्थळावरच्या प्रोफाइलमध्ये अजून मार्च २०१८ बसलेला असेल. तिथे दुरुस्त केल्याशिवाय नवा रेझ्युमे पाठवू नकोस, भरतीवाले दोन्ही शेजारी उघडतात.

राहता राहिली परवाची मुलाखत. त्या कंपनीच्या एचआरला आजच चार ओळींची मेल कर. पहिल्या कंपनीतला शेवटचा दिवस ३ फेब्रुवारी २०१८ होता, रेझ्युमेवर महिना चुकून मार्च पडला, रिलीव्हिंग लेटर आणि दुरुस्त प्रत सोबत आहे, एवढंच. अनुभवाचा आकडा आणि पदवीचं सालही बदलल्याचं त्यातच सांग, म्हणजे दोन प्रती शेजारी ठेवल्यावर त्यांना नवं काही सापडायला नको. फॉर्मवर खापर फोडू नकोस आणि लांबलचक माफीही मागू नकोस. त्यांचा पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म तुझ्याकडे येण्याच्या आत ही मेल पोहोचलेली असू दे.